धक्का, सूज आणि शीर : ‘रक्ताभिसरण’ प्रकरणाच्या परिभाषेच्या नोंदी

३ जून

परिचर्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातलं पाचवं प्रकरण, ‘हृदय आणि रक्ताभिसरण’, आजपासून हाती. मसुदा मराठीतच लिहिलेला आहे, पण लेखक तीन असल्यामुळे एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन नावं आहेत. काम एवढंच की प्रत्येक संज्ञेला एक नाव द्यायचं, आणि ते मराठी घडवायचं की इंग्रजी तसंच घ्यायचं हे कारणासह लिहून ठेवायचं.

प्रत्येक संज्ञेचं एक कार्ड. त्यावर चार रकाने. पहिला, आजवर मराठीत वापरले गेलेले शब्द : भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, मराठी विश्वकोश, शालेय पुस्तकं. दुसरा, त्या शब्दांचे बोलीतले, आयुर्वेदातले आणि हिंदीतले अर्थ. तिसरा, विद्यार्थिनीला हा शब्द पुढे कुठे भेटणार : रुग्णाच्या तोंडी, केसपेपरवर, औषधाच्या लेबलवर की फक्त पुस्तकात. चौथा, त्या शब्दापासून आणखी कोणते शब्द बनवावे लागणार.

दुसरा रकाना बहुतेक परिभाषा-समित्या भरत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. अवघड नवा शब्द फारसा धोक्याचा नसतो. वाचणारा अडखळतो, व्याख्या पाहतो, पुढे जातो. धोका असतो तो सोप्या, ओळखीच्या, पण आधीच दुसऱ्या अर्थाला बांधलेल्या शब्दाचा. तिथे वाचणारा अडखळत नाही. चुकीचं समजून तसाच पुढे जातो, आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही.

५ जून

पहिलं कार्ड रक्तवाहिन्यांचं. मसुद्यात ‘रोहिणी-नीला’ आणि ‘धमनी-शिरा’ अशा दोन जोड्या. दोन्ही मराठीत चालत आलेल्या आहेत. विश्वकोशात रोहिणी आणि नीला आहेत.

‘नीला’ बाद करायचं कारण शब्दातच आहे. नावात रंग आहे. शरीरभरातून परतणारं रक्त काळसर असतं, म्हणून हे नाव बरं वाटतं. पण फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या वाहिन्यांत ऑक्सिजनयुक्त लालभडक रक्त असतं आणि त्यांनाही नीलाच म्हणावं लागतं. याच चुकीचा दुसरा अवतार मसुद्यात व्याख्या म्हणून बसला होता : ‘शुद्ध रक्त वाहून नेते ती रोहिणी’. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत ‘अशुद्ध’ रक्त असतं हे पुढच्याच पानावर आलं की विद्यार्थिनीने कशावर विश्वास ठेवायचा? व्याख्या दिशेवरून केली : हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द प्रकरणातून काढून टाकले. ‘ऑक्सिजनयुक्त’ आणि ‘ऑक्सिजन कमी असलेलं’ असं लिहायचं.

आता ‘शिरा’ची अडचण. बोलीत ‘शीर’ म्हणजे कातडीखाली दिसणारी वाहिनी, आणि ‘मानेतली शीर दबली’ म्हणताना मज्जातंतू. शिवाय शीर या शब्दाचं अनेकवचन ‘शिरा’च होतं. ‘शिरा फुगते’ हे एकवचन आणि ‘शिरा फुगतात’ हे अनेकवचन, इथे क्रियापदच काय ते वाचवतं. तरी शब्द ठेवला, कारण ‘इंजेक्शन शिरेतून देणे’ हा वापर वॉर्डातही आहे आणि घरातही आहे. इतका रुळलेला बरोबर वापर मोडण्यात अर्थ नाही. दोन बंधनं घातली. नर्व्हसाठी ‘शीर’ पुस्तकात कुठेही येणार नाही, तिथे ‘मज्जातंतू’च. आणि रुग्णसंवादाच्या चौकटीत एक ओळ : रुग्ण ‘शीर दुखते’ म्हणाला तर बोटाने जागा दाखवायला सांगा, मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का ते विचारा, आणि मगच नोंद करा.

१० जून

रक्तदाब. हा शब्द कधीतरी कोणीतरी घडवलेला आहे हे आज आठवावं लागतं, इतका तो मुरला आहे. ‘जीवनसत्त्व’ही तसाच. दोन्हींत दोन ओळखीचे घटक आहेत आणि त्यांची बेरीज म्हणजेच अर्थ. कार्डांवर नवा शब्द घडवताना पहिली कसोटी हीच.

सिस्टॉलिक आणि डायस्टॉलिकसाठी मसुद्यात ‘आकुंचक दाब’ आणि ‘प्रसरणशील दाब’ होतं. ‘आकुंचक’ म्हणजे आकुंचन घडवून आणणारा. दाब काही हृदयाला आकुंचित करत नाही, हृदय आकुंचन पावत असताना तो दाब असतो. औषधांच्या प्रकरणात रक्तवाहिन्या अरुंद करणारी औषधं येतात, ‘घडवून आणणारा’ हा अर्थ खरा तिथे लागेल. म्हणून ‘आकुंचनकालीन रक्तदाब’ आणि ‘प्रसरणकालीन रक्तदाब’. शब्द लांब झाले, पण १२०/८० पैकी १२० हा कोणत्या क्षणाचा दाब आहे हे नावच सांगतं. ‘सिस्टॉलिक’मधून मराठी माध्यमातल्या विद्यार्थिनीला ते कळत नाही. केसपेपरसाठी इंग्रजी रूप व्याख्येत एकदा येईल. रुग्ण ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणतात, तेही चौकटीत.

इथे एक वाटणी करून घ्यावी लागली. आकुंचन-प्रसरण हृदयालाही लावले जातात आणि रक्तवाहिन्यांनाही. एका परिच्छेदात दोन्ही आले की ‘प्रसरणामुळे रक्तदाब कमी होतो’ हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. म्हणून हृदयासाठी आकुंचन आणि प्रसरण, रक्तवाहिन्यांसाठी संकोच आणि विस्फारण. सुटा ‘संकोच’ म्हटला तर भिडस्तपणा आठवतो, ‘वाहिनीसंकोच’ म्हटलं की तो अर्थ उरत नाही. ही चार नावं कार्डाला लाल धाग्याने बांधावीत अशी आहेत. एक बदललं की चारही तपासायची.

झडप, अलिंद, निलय यांवर वेळ घालवायचं कारण नाही. झडप ही विहिरीच्या पंपातली सुद्धा असते आणि काम तेच करते, रक्त एकाच दिशेने जाऊ देते. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी. इंग्रजी नावाचं मूळही रोमन घराच्या दर्शनी दालनात आहे. ओसरीतून आत यावं तसं रक्त अलिंदातून निलयात येतं. तिन्ही कायम.

१२ जून

कार्डिॲक आउटपुट. मसुद्यात ‘हार्दिक उत्पादन’. हा शब्द कोशाच्या नियमाने घडला असेल, पण ‘हार्दिक’ शुभेच्छांना आणि अभिनंदनाला कायमचा दिलेला आहे, आणि हृदय काही उत्पादन करत नाही, आलेलं रक्त पुढे ढकलतं. दोन्ही शब्द गुंतलेले.

बाजूचं कार्ड स्ट्रोक व्हॉल्यूमचं. तिथे ‘स्ट्रोक’ तसाच घेतला तर पक्षाघाताचा झटका समोर येतो, कारण तो ‘स्ट्रोक’ आता मराठीत सर्रास बोलला जातो. म्हणजे इंग्रजी शब्द घेतला तरी गुंता टळत नाही. उसना शब्दही आधीच कुणाचा तरी असू शकतो.

दोन्ही कल्पना एकाच गणितातल्या आहेत. प्रौढ माणसाचं डावं निलय विश्रांतीच्या स्थितीत दर ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ७० × ७२ = ५,०४० मिली, म्हणजे सुमारे ५ लिटर. मग नावातच एकक घातलं : ‘प्रतिठोका रक्तक्षेप’ आणि ‘प्रतिमिनिट रक्तक्षेप’. पहिल्याला ठोक्यांनी गुणलं की दुसरं मिळतं, सूत्र पाठ करावं लागत नाही. रक्तस्राव झालेल्या रुग्णात प्रतिठोका रक्तक्षेप घटला तरी ठोके वाढवून शरीर काही काळ प्रतिमिनिट रक्तक्षेप सांभाळतं, हे वाक्य आता सरळ लिहिता येतं. याच वाक्यासाठी मसुद्यात पाच ओळी खर्ची पडल्या होत्या.

याच कुटुंबातलं तिसरं कार्ड मात्र उलट्या बाजूला गेलं. भरलेल्या निलयातल्या १२० मिलीपैकी ७० मिली बाहेर पडलं तर ७० ÷ १२० म्हणजे सुमारे ५८ टक्के. याला ‘क्षेपांश’ असा नीटस शब्द तयार होत होता. पण विद्यार्थिनीला हा आकडा भेटणार तो इको तपासणीच्या अहवालावर, इंग्रजी आद्याक्षरांत, आणि रुग्णाचे नातेवाईकही ‘ईएफ किती आला?’ असंच विचारतात. पुस्तकाबाहेर ‘क्षेपांश’ कुठेच भेटणार नाही. ‘इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ)’ घेतलं, आणि व्याख्येत ‘प्रत्येक ठोक्याला निलयातल्या रक्ताचा जेवढा भाग बाहेर पडतो तो, टक्क्यांत’. कुटुंब मोडलं याचं वाईट वाटतं, पण तिसरा रकाना इथे चौथ्यापेक्षा भारी आहे.

१७ जून

शॉक. या प्रकरणातलं सर्वात कठीण कार्ड, आणि चुकलं तर सर्वात महाग पडणारं.

अर्थ आधी पक्का केला : ऊतींना पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन पोचत नाही अशी संपूर्ण रक्ताभिसरणाची अवस्था. ती रक्तस्रावाने येते, हृदय कमकुवत पडल्याने येते, जंतुसंसर्गात किंवा तीव्र ॲलर्जीत वाहिन्या सैल पडल्याने येते, रक्ताच्या वाटेत अडथळा आल्यानेही येते.

मराठी उमेदवार तीन. ‘धक्का’ : मानसिक धक्का, विजेचा धक्का, आणि ‘हृदयविकाराचा धक्का’ म्हणजे हार्ट अटॅक. ‘रुग्णाला धक्का बसला आहे’ या वाक्याचे चार अर्थ होतात आणि चौघांचे उपचार वेगळे. ‘आघात’ : इजेचा शब्द, शिवाय पक्षाघातात बसलेला. ‘अवसाद’ : जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात सापडतो आणि त्या लेखकांनी तो विचारपूर्वक निवडला होता, अंगातली शक्ती ढासळणे हा मूळ अर्थ जवळचा आहे. पण आज हिंदीत अवसाद म्हणजे नैराश्य, आणि हिंदी वाचणारी विद्यार्थिनी तोच अर्थ धरणार.

नवा शब्द घडवता येतो. ‘अभिसरणपात’ असा एक प्रस्ताव आला आणि तो अर्थाला धरून आहे. पण ही अवस्था ओळखून मोठ्याने सांगायची असते, सेकंदांचा हिशोब असतो, आणि ऐकणारा डॉक्टर कुठल्याही भाषेत शिकलेला असू शकतो. जो शब्द ओरडून सांगायचा आहे तो ऐकणाऱ्याला माहीत असलाच पाहिजे. ‘शॉक’ घेतलं.

पण ‘शॉक’ मराठीत रिकामा नाही. इस्त्रीचा शॉक बसतो. मानसोपचारात शॉक देतात. हृदयाची लय बिघडल्यावर डिफिब्रिलेटरनेही ‘शॉक देतात’, आणि तो उल्लेख याच प्रकरणात चार पानांवर आहे. म्हणजे नुसता शब्द उसना घेऊन भागत नाही, पुस्तकापुरतं त्याचं बाकीचं घर रिकामं करून द्यावं लागतं. नियम : विजेचा संबंध असेल तिथे सगळीकडे ‘विजेचा धक्का’, डिफिब्रिलेटरसाठीही. मनावरचा तो ‘मानसिक धक्का’. ‘शॉक’ फक्त रक्ताभिसरणाच्या अवस्थेला, आणि क्रियापद ‘शॉकमध्ये जाणे’. ‘शॉक बसणे’ आणि ‘शॉक देणे’ पुस्तकात बंद.

प्रकारांची नावं मिश्र ठेवली. नाम उसनं, विशेषण मराठी : द्रवन्यूनताजन्य शॉक, हृदयजन्य शॉक, जंतुसंसर्गजन्य शॉक, अडथळाजन्य शॉक. विशेषणात कारण दिसतं, आणि कारणावर उपचार ठरतो. पहिल्यात द्रव भराभर द्यायचा असतो, दुसऱ्यात तसाच दिला तर फुप्फुसात पाणी साचू शकतं. ‘कार्डिओजेनिक’ हा शब्द पाठ केलेल्या मुलीला हा फरक वेगळा शिकवावा लागतो, ‘हृदयजन्य’ वाचणारीला निम्मा तिथेच कळतो.

नमुन्याचा परिच्छेद नव्या नावांनी लिहून पाहिला :

‘रुग्ण शॉकमध्ये जाऊ लागला की नाडी जलद आणि क्षीण होते, हातपाय बहुधा गार व ओलसर लागतात, लघवी कमी होते. ६० किलो वजनाच्या प्रौढ रुग्णाला तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल तर लगेच कळवा. सुरुवातीला वाहिनीसंकोचामुळे रक्तदाब टिकून राहू शकतो, म्हणून केवळ रक्तदाब ठीक आहे यावर विसंबू नका.’

‘वाहिनीसंकोच’ इथे अपेक्षेपेक्षा जास्त कामाला आला. हातपाय गार का आणि रक्तदाब टिकलेला का, दोन्हीचं उत्तर त्या एका शब्दात आहे. ३० मिली हा आकडा किलोमागे तासाला अर्धा मिली या हिशोबाने, ते समासात लिहायचं.

२४ जून

सूज, शोथ, दाह. तीन शब्द, इंग्रजीत दोन संज्ञा, आणि तिन्ही शब्दांचे अर्थ पुस्तकागणिक बदललेले.

इन्फ्लमेशन म्हणजे इजेला किंवा संसर्गाला ऊतींचा प्रतिसाद : लाली, उष्णता, सूज, वेदना. एडिमा म्हणजे ऊतींत जादा द्रव साठणं, मग कारण काही का असेना. पहिल्यात दुसरा असू शकतो. दुसऱ्यात पहिला असेलच असं नाही.

विश्वकोशाच्या परंपरेत इन्फ्लमेशनला ‘शोथ’ आहे, त्यातूनच आंत्रपुच्छशोथ वगैरे नावं आली. आयुर्वेदात मात्र शोथ म्हणजे अंगावर येणारी सूज. बोलीत ‘शोथ’ नाहीच. ‘दाह’ बोलीत जळजळीला आणि आयुर्वेदातही जळजळीला, पण ‘दाहशामक औषध’ म्हणताना इन्फ्लमेशनला. मसुद्यातलं मूळ वाक्य होतं : ‘हृदय निकामी झाल्याने पायांवर शोथ येतो.’ मागच्या प्रकरणात शोथ म्हणजे इन्फ्लमेशन शिकलेल्या मुलीने हे वाचलं तर तिला लाल, गरम, दुखरा पाय दिसेल. खरा पाय तसा नसतो. तो फुगलेला, बहुधा न दुखणारा असतो, आणि नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरला की खळगा राहतो.

ठरलं ते असं. इन्फ्लमेशन = दाह, आणि अवयवांच्या नावांतही तोच प्रत्ययासारखा : यकृतदाह, हृदयावरणदाह. इथे घडवलेला शब्द हवाच, कारण त्याचं कुटुंब फार मोठं आहे, पुस्तकभर पसरलेलं. दाह हा शब्द इकडे दिला म्हणून जळजळीच्या अर्थाने तो कुठेही वापरायचा नाही. लघवीला ‘जळजळ’ होते, तळपायांची ‘आग’ होते. ‘शोथ’ शब्द पुस्तकात नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथाचा उल्लेख आलाच तर तिथे अर्थ देऊन.

एडिमासाठी ‘सूज’ पुरेल असं आधी वाटलं होतं. फुप्फुसाच्या परिच्छेदावर ते कोसळलं. पल्मनरी एडिमात कुठे काही सुजलेलं दिसत नाही, वायुकोशांत द्रव उतरतो आणि रुग्णाला आडवं पडवत नाही. ‘फुप्फुसाची सूज’ वाचून दाहच डोळ्यापुढे येतो, न्यूमोनियासारखा. तेव्हा दिसणाऱ्या खुणेला ‘सूज’, रोगप्रक्रियेला ‘एडिमा’. ‘पायांवर सूज दिसते. कारण एडिमा, दाह नव्हे.’ हे वाक्य तिन्ही नावांची परीक्षा घेतं आणि ती तिथे टिकली.

रुग्णसंवादाची चौकट इथे मोठी झाली. ‘छातीत पाणी झालं’ असं घरचे सांगतात ते फुप्फुसाबाहेरच्या आवरणात साठलेल्या पाण्याबद्दलही असतं आणि फुप्फुसात उतरलेल्या द्रवाबद्दलही. पहिलं सुईने काढता येतं. दुसरं तसं काढता येत नाही, तिथे ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारी औषधं लागतात. म्हणून पुस्तकात ‘फुप्फुसावरणातील पाणी’ आणि ‘फुप्फुसाचा एडिमा’, नुसतं ‘छातीत पाणी’ फक्त रुग्णाच्या तोंडचं वाक्य म्हणून अवतरणात. सूज विचारायची ती ‘संध्याकाळी चप्पल घट्ट होते का?’ अशी.

२ जुलै

एका लेखकाने काही संज्ञा हिंदी यादीतून सरळ उचललेल्या आढळल्या. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाच्या याद्या उपयोगाच्या आहेत, संस्कृत घटक सामाईक असल्याने निम्मं काम तयार मिळतं. पण सामाईक दिसणारे शब्दच फसवतात. मराठीत पेशी म्हणजे सेल आणि स्नायू म्हणजे मसल. हिंदीत पेशी म्हणजे मसल, सेलला कोशिका. आयुर्वेदात पेशी मांसाची आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे पट्टे. ‘हृदयपेशी’ हा शब्द मसुद्यात दोन ठिकाणी होता. एका ठिकाणी हृदयाची एक सेल, दुसऱ्या ठिकाणी हृदयाचा सगळा मांसल थर.

‘हृदयस्नायू’ आणि ‘हृदयस्नायूची पेशी’ असं वेगळं केलं. विश्वकोश सेलला ‘कोशिका’ म्हणतो. ते घेतलं असतं तर हिंदीशी मेळ बसला असता, पण शाळेत ‘पेशी’च शिकून आलेल्या मुलींना इथे नवा शब्द देण्यासारखं काही मिळत नाही.

८ जुलै

ॲनिमिया आणि इस्केमिया एकाच दिवशी घ्यावे लागले, कारण दोघांचे मराठी शब्द एकमेकांच्या अंगावर येतात.

इस्केमियासाठी ‘रक्ताल्पता’ सुचवलं होतं. हिंदीत रक्ताल्पता म्हणजे ॲनिमिया. फरक मूलभूत आहे : ॲनिमियात रक्तातलं हिमोग्लोबिन कमी, सगळीकडे. इस्केमियात रक्त उत्तम असू शकतं, पण एका भागाला ते गरजेइतकं पोचत नाही. ॲनिमियाला मराठीत ‘रक्तक्षय’ आहे. त्यातला ‘क्षय’ ऐकून टीबीची शंका घेणारं घर आजही भेटतं. गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या संदर्भात तर ही शंका नकोच. सरकारी मोहिमेचं नाव ‘ॲनिमियामुक्त भारत’ असल्याने आशा कार्यकर्तीपासून सगळ्यांच्या तोंडी ‘ॲनिमिया’ आहे. तोच घेतला.

इस्केमियाला ‘रक्तपुरवठ्यातील तूट’. ‘तूट’ हा शब्द नेमका बसतो, कारण तो मागणीच्या मानाने कमी असं सांगतो. जिना चढताना छातीत दुखतं आणि थांबल्यावर ओसरतं, कारण चढताना हृदयस्नायूची गरज वाढते आणि अरुंद धमनी तेवढं देऊ शकत नाही. हे ‘तूट’ने एका ओळीत समजतं. पण विशेषण करायला गेलं की ‘रक्ततूटजन्य हृदयविकार’ असलं काहीतरी होतं, जे उच्चारतानाच तुटतं. शेवटी संज्ञा ‘इस्केमिया’, विशेषण ‘इस्केमिक’, आणि स्पष्टीकरणात प्रत्येक वेळी ‘तूट’. नाव एका भाषेतलं आणि समज दुसऱ्या भाषेतून, हा मार्ग पुढेही बऱ्याच कार्डांना लागू पडेल असं दिसतं.

१५ जुलै

उसन्या शब्दांची लेखनव्यवस्था. शब्द घेतला की त्याला मराठी लिंग, वचन, विभक्ती लागते, आणि तीन लेखकांनी ती तीन तऱ्हांनी लावली आहे.

अनेकवचनी इंग्रजी ‘स’ नको : ‘दोन स्टेंट’, ‘स्टेंट्स’ नाही. लिंग कार्डावर लिहून ठेवायचं : तो स्टेंट, तो शॉक, तो एडिमा, तो ॲनिमिया. आकारान्त शब्दांचं सामान्यरूप बदलायचं नाही. ‘एडिमाचा’, ‘ॲनिमियामुळे’. ‘एडिम्याचा’ असं मराठी वळण एका ठिकाणी आलं होतं. कानाला ते घरचं वाटतं, पण शोधताना मूळ शब्द हरवतो.

औषधांची नावं वेगळी वागतात. डोपामाइन आणि डोब्युटामाइन देवनागरीत वाचताना जवळ येतात, आणि अँप्यूलवर देवनागरी नसतेच. म्हणून औषधाचं नाव प्रत्येक परिच्छेदात पहिल्यांदा येईल तिथे रोमन अक्षरांतही छापायचं. बाकी संज्ञांना हे पुस्तकात एकदाच.

शब्दसूचीसाठी शोध चालवल्यावर ‘ॲनिमिया’ असलेली काही पानं मिळेनात. कारण टंकनात : कोणी ॲ हे एकच अक्षर वापरलं, कोणी अ ला वेगळा चंद्र जोडला, कोणी हिंदी कळफलकावरचा ऍ. डोळ्यांना पहिले दोन सारखेच दिसतात, संगणकाला तिन्ही वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण त्यांना एकत्र आणत नाही. हाताने बदलावं लागतं :

```
sed -i -e 's/अॅ/ॲ/g' -e 's/ऍ/ॲ/g' prakaran-*.txt
```

चालवण्यापूर्वी फाइलींची प्रत ठेवायची. नंतर बंद केलेले शब्द शोधायचे :

```
grep -nE 'शोथ|नीला|नीले|हार्दिक|शॉक (बस|दे|दि|द्य)' prakaran-05.txt
```

सापडलेली प्रत्येक ओळ वाचून बदलायची, आपोआप बदलायची नाही. ‘दाह’ तर अशा शोधातून सुटतोच, कारण तो बंद नाही, फक्त एका अर्थाला बांधलेला आहे. तो ओळीगणिक वाचूनच तपासावा लागतो.

२२ जुलै

वाचनचाचणी. पद्धत अशी : परिच्छेद वाचायला द्यायचा, मिटायचा, आणि ‘आता रुग्णाच्या मुलाला हे समजावून सांग’ एवढंच म्हणायचं. ‘शब्द समजला का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. सांगताना वाचणारीने शब्द टाळला, बदलला की तसाच वापरला, ते कार्डावर लिहायचं.

‘प्रतिमिनिट रक्तक्षेप’ सांगताना ‘मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं’ असं झालं. शब्द टाळला गेला पण अर्थ शाबूत, तेव्हा तो राहू द्यायचा. ‘दाह’ मात्र दोघींच्या तोंडी ‘जळजळ’ झाला. म्हणजे कागदावर केलेली वाटणी कानापर्यंत पोचलेली नाही.

दाह बदलायचा तर मागची चार प्रकरणं बदलावी लागतील आणि जागी ठेवायला शोथापेक्षा बरं काही नाही. तूर्त उपाय असा : प्रकरणात दाह पहिल्यांदा येतो तिथे एक दाहाचं आणि एक दाह नसलेलं अशी दोन चित्रं शेजारी, दुखरा लाल गुडघा आणि खळगा पडलेली नडगी, आणि खाली ‘दाह म्हणजे नुसती जळजळ नव्हे’ ही ओळ. त्यानंतर वेगळ्या वाचकांकडून पुन्हा सांगवून घ्यायचं. तोवर दाहाचं कार्ड उघडं.